घर ठरवण्याआधी तास मोजा

नागपूर सोडून गेलेल्या मुलामुलींना खुले पत्र

प्रिय नागपूरकर मुलामुलींनो,

तुमच्यापैकी कोणी पुण्यात आहे, कोणी बंगळुरूला किंवा हैदराबादला, कोणी न्यू जर्सीत. आई-बाबा प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, बजाजनगर, महाल अशा आपल्या जुन्या वस्त्यांतच राहिले आहेत. तुम्ही शिकलात, बाहेर गेलात, त्यात काही गैर नाही, आणि मला त्याबद्दल काही म्हणायचेही नाही. माझी तक्रार आहे ती एका निर्णयाच्या पद्धतीबद्दल. आई किंवा बाबा आता एकटे राहू शकतील का, राहू शकत नसतील तर आपल्याकडे न्यायचे की एखाद्या केअर सेंटरमध्ये व्यवस्था करायची, हा निर्णय नागपुरातल्या बहुतेक घरांत वर्षानुवर्षे पुढे ढकलला जातो. मग एक दिवस पडणे होते किंवा पक्षाघाताचा झटका येतो, रुग्णालयातून सुटी मिळण्याची तारीख जवळ येते, आणि भावंडांच्या दोन-तीन फोनमध्ये चार दिवसांत सगळे ठरते. ज्यांच्याबद्दल ठरते ते त्या फोनवर नसतात. चार दिवसांत घेतलेला हा निर्णय पुढची पाच-सात वर्षे निभवायचा असतो, आणि त्या घाईत विचारला जाणारा प्रश्नच चुकीचा असतो.

"आईला कोण नेणार?" हा तो प्रश्न. त्याचे उत्तर कर्तव्य, ऐपत, कोणाचा फ्लॅट मोठा, कोणाच्या बायकोची नोकरी अशा गोष्टींवरून निघते. आईला नेमकी कशात, दिवसातून किती वेळा आणि कोणत्या वेळी मदत लागते, हे त्यात कुठे येतच नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की आधी मदतीचे तास मोजावेत आणि घर त्यानंतर ठरवावे. क्रम उलटा झाला की तिन्ही पर्याय फसू शकतात. मुलाचे घर फसते, केअर सेंटर फसते आणि स्वतःचे घरही फसते.

वृद्धांची काळजी घेणारे डॉक्टर आणि परिचारिका यासाठी दोन साध्या याद्या वापरतात. पहिलीत शरीराची सहा कामे येतात: आंघोळ, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, पलंगावरून किंवा खुर्चीवरून उठणे-बसणे, लघवी-शौचावर ताबा आणि हाताने जेवणे. दुसरीत घर चालवण्याची कामे येतात: स्वयंपाक, बाजार, साफसफाई, कपडे धुणे, फोन करणे, प्रवास, औषधे वेळेवर घेणे, पैशांचा व्यवहार. माणसाचे म्हातारपण बहुधा दुसऱ्या यादीपासून सुरू होते आणि हळूहळू पहिलीकडे सरकते. देशभरात २०१७-१८ मध्ये झालेल्या वार्धक्यविषयक मोठ्या सर्वेक्षणात, ज्याला 'लासी' म्हणतात, साठीपुढच्या जवळपास निम्म्या लोकांना दुसऱ्या यादीतले किमान एक काम अवघड जात होते, तर पहिल्या यादीतले एखादे काम अवघड जाणारे सुमारे चौथा हिस्सा होते. या दोन आकड्यांतले अंतर तुमच्या निर्णयासाठी फार मोलाचे आहे. दुसऱ्या यादीतली जवळजवळ सगळी कामे बाहेरचे माणूस ठरलेल्या वेळी येऊन करून जाऊ शकते. तेवढ्यासाठी कोणाला घर सोडावे लागत नाही. म्हणजे "आता आईला एकटीने जमत नाही" असे तुम्ही म्हणता, तेव्हा बऱ्याचदा तिला बाजार, बँक आणि पोळ्या जमत नसतात, आणि त्यावरचा उपाय म्हणून तुम्ही तिचे शहर बदलू पाहता.

पहिल्या यादीचे तसे नाही. तिथे आणखी एक भेद करावा लागतो, आणि नेमका तोच घरोघरी निसटतो. काही मदत कामाच्या स्वरूपाची असते, काही नुसत्या हजेरीच्या. आंघोळीला मदत हे काम आहे. ते अर्ध्या तासाचे आहे आणि सकाळी आठला ठरवता येते. रात्री शौचालयात जाताना आधार देणे हे जेमतेम पाच मिनिटांचे काम, पण ते दोन वाजता लागेल की चार वाजता हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून त्या पाच मिनिटांसाठी रात्रभर कोणीतरी घरात असावे लागते. विसरभोळेपणा वाढून गॅस सुरू राहणे, दार उघडून बाहेर चालू लागणे, हेही हजेरीचेच प्रश्न आहेत. कामाचे तास विकत घेणे सोपे, हजेरीचे तास विकत घेणे महाग आणि अवघड. घर बदलायचे का, हा प्रश्न खरा उभा राहतो तो हजेरी लागू लागते तेव्हा. त्याची कसोटी एका वाक्यात मांडता येते: अडचणीत सापडल्यावर आई स्वतः मदत बोलावू शकेल का, आणि मदत येईपर्यंत सुरक्षित राहू शकेल का?

एक उदाहरण मांडून पाहू. उदाहरण मी रचलेले आहे आणि त्यातले दर हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या भागातल्या ब्युरोला विचारून ते बदलून घ्या. प्रतापनगरात तळमजल्यावर राहणारी ७९ वर्षांची आई. वडील गेलेले. गुडघे दुखतात, मधुमेह आणि रक्तदाब आहे, डोके स्वच्छ आहे. मुलगा पुण्यात, मुलगी अमेरिकेत. मोजल्यावर दिसते की स्वयंपाक-झाडलोटीला रोज दोन तास, आंघोळीच्या वेळी दाराबाहेर कोणीतरी असण्यासाठी अर्धा तास, औषधांवर नजर टाकायला दहा मिनिटे आणि आठवड्यातून एकदा बाजार-बँकेला तीन तास लागतात. सरासरी काढली तर दिवसाला सव्वातीन तासांच्या आतच. सकाळी आठ ते बारा येणारी एक मावशी आणि आठवड्याच्या गोळ्या डब्यात भरून देणारे कोणीतरी, एवढ्यावर ही आई आपल्या घरात नीट राहू शकते. पुण्याला नेण्याचे कारण तिच्या गरजेत सापडत नाही.

आता वर्ष-दीड वर्ष पुढे जाऊ. तीच आई रात्री तीनदा उठते, भिंत धरून चालते, आणि एकदा न्हाणीघरात पडून पहाटेपर्यंत उठू शकली नाही. हाड मोडले नसले तरी ही घटना किरकोळ नाही. म्हातारा माणूस तास-दोन तासांहून अधिक जमिनीवर पडून राहिला तर शरीरातले पाणी कमी होते, स्नायूंना इजा होते, दाबाच्या जागी कातडी दुखावते. कामाचे तास फारसे वाढलेले नाहीत, पण आता रात्रीच्या नऊ-दहा तासांची हजेरी लागते. बारा तासांच्या अटेंडंटचे ६०० रुपये धरले तर महिन्याला १८,००० होतात. दिवसाही माणूस लागू लागला की तेच ३६,००० होतात, आणि आजारपण, गावी जाणे, सणाची सुटी या दिवशी बदली कोण देणार हा प्रश्न वेगळाच. इथे केअर सेंटरचा खर्च, जो आजवर फार वाटत होता, तुलनेला येतो. मुलाच्या घरी नेण्याचा विचारही इथेच रास्त ठरतो, पण रात्री उठणारे कोणीतरी त्या घरात असेल तरच. आई तीच, घर तेच, मुलेही तीच. मोजलेले तास बदलले म्हणून उत्तर बदलले. ते पुन्हा बदलेल, म्हणून दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजावे.

मोजायचे कसे, याबद्दल माझी दुसरी तक्रार आहे. तुम्ही दिवाळीत येता आणि दिवाळीतल्या आईवरून अंदाज बांधता. तेव्हा घर भरलेले असते, तिला हुरूप असतो, ती चकल्याही करते, आणि तुम्ही "आई अजून ठणठणीत आहे" असे म्हणत परत जाता. किंवा उलट, धावपळीने दमलेली आई पाहून धास्तावता. साधा, सणवार नसलेला आठवडा निवडा. भावंडांपैकी एकाने सात दिवस राहावे आणि मध्ये न पडता वहीत लिहावे: कोणत्या वेळी, कशासाठी, किती वेळ मदत लागली. रात्रीच्या नोंदी सर्वांत महत्त्वाच्या. औषधांच्या पट्ट्यांवरून खरेदीच्या तारखेपासून किती गोळ्या संपायला हव्या होत्या आणि किती उरल्या आहेत हे ताडून पाहा. "घेतली का?" या प्रश्नाला प्रत्येक आई हो म्हणते, पट्टी खरे सांगते. फ्रिजमध्ये शिळे किती साचले, विजेचे बिल थकले का, पासबुकात न समजणारे व्यवहार आहेत का, चोळी सैल झाली आहे का, दंडावर-पोटरीवर काळे-निळे डाग आहेत का, हेही पाहा. चालण्याची एक सोपी चाचणी घरी करता येते. हाताच्या खुर्चीवर बसवा, समोर तीन मीटरवर खूण करा, उठून तिथपर्यंत जाऊन वळून परत येऊन बसायला सांगा आणि घड्याळ लावा. तुम्ही जवळच उभे राहा. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांकडे जायचे. तसेच आठवण, बोलणे, दिशांचे भान यांत गेल्या काही महिन्यांत फरक पडला असेल तर तपासणी आधी आणि घराचा निर्णय नंतर, कारण थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य, कमी ऐकू येणे किंवा औषधांचा परिणाम यांमुळेही माणूस गोंधळलेला दिसतो, आणि यांतले बरेच सुधारण्याजोगे असते.

स्वतःच्या घरी राहण्याच्या बाजूने मी एवढे लिहिले, पण नागपूरचे घर आपोआप सुरक्षित असते असे मुळीच नाही. आपल्या जुन्या लेआउटमधली घरे चाळिशीतल्या माणसांनी स्वतःसाठी बांधलेली आहेत. फाटकापासून ओट्यापर्यंत तीन-चार पायऱ्या, कठडा नाही, न्हाणीघराला उंबरठा, गुळगुळीत फरशी, आत उघडणारे दार. आत माणूस पडला तर दार त्याच्याच अंगावर अडते आणि उघडत नाही. दार बाहेर उघडेल असे फिरवणे, बाहेरून उघडता येणारी कडी, कमोडशेजारी आणि नळाजवळ भिंतीत पक्के बसवलेले दांडे, पलंगापासून शौचालयापर्यंत रात्रभर जळणारे मंद दिवे, ही गवंडी, सुतार आणि इलेक्ट्रिशियन यांची थोडक्या दिवसांची कामे आहेत. टॉवेल अडकवायची दांडी हा आधार नव्हे. तिच्यावर भार दिला की ती उखडून हातात येते. आपल्याकडे उन्हाळा हा वेगळाच धोका. पारा ४५ च्या पुढे जातो, नवतप्यात रात्रीही उकाडा उतरत नाही. म्हातारपणी तहान कमी जाणवते, रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढतात, आणि मे महिन्यात अचानक बरळू लागलेल्या आईच्या शरीरात फक्त पाणी-मीठ कमी झालेले असू शकते. त्यातच कूलर. टाकी भरायला बादली उचलायची, भोवतीची फरशी ओली, आणि ओल्या हाताने स्विच. कूलरची टाकी आईने भरायची नाही, नळी आणि तरंगता व्हॉल्व्ह बसवायचा, अर्थिंग तपासून घ्यायचे, एवढे ठरवल्याशिवाय "ती आपल्या घरी सुखात आहे" असे म्हणू नका. स्वतःच्या घरी राहणे म्हणजे जसे आहे तसे सोडून देणे नव्हे. त्यासाठी घरात आणि माणसांत दोन्हीकडे पैसा आणि लक्ष घालावे लागते.

आता तुमच्या घराबद्दल. आईला पुण्याला किंवा बंगळुरूला नेले म्हणजे ती कुटुंबात आली, असे तुम्ही धरून चालता. तिच्या तासांच्या वहीसमोर तुमच्या घराचे तास मांडून पाहा. दोघे नऊला निघता, सातला येता, नातवंडे शाळा-क्लासला. चौदाव्या मजल्यावर, अनोळखी भाषेच्या शहरात, ती दहा तास एकटीच आहे. नागपुरात तिला हाक मारणारी शेजारीण होती, ओळखीचा औषधवाला होता, वीस वर्षे तिची नाडी पाहणारा डॉक्टर होता, मंडळाचे भजन होते. एकटेपणा घालवण्यासाठी केलेली हलवाहलव कधीकधी एकटेपणाच वाढवते. स्मृतिभ्रंश सुरू झालेल्या माणसाचे तर आणखी कठीण. जुन्या घरात त्याचे पाय सवयीने शौचालयापर्यंत पोचतात, नव्या घरात तेच माणूस रात्री भिंती चाचपत राहते आणि आठवड्यात खालावल्यासारखे दिसते. याचा अर्थ नेऊ नका असा नाही. घरात दिवसा माणूस असेल, खोली आणि शौचालय शेजारी असेल, आणि आई स्वतः यायला तयार असेल, तर मुलांचे घर हा फार चांगला पर्याय आहे, विशेषतः रात्रीची हजेरी लागते तेव्हा. पण ती हजेरी कोण देणार हे नाव घेऊन ठरवा. बहुतेक घरांत हे नाव न उच्चारता सुनेचे असते. तिला विचारले गेलेले नसते, तिच्या नोकरीचा हिशेब मांडलेला नसतो. तिचे श्रम धरून चालणे हा तिच्यावर अन्याय आहे, आणि थकलेल्या माणसाच्या हातून होणारी काळजी आईलाही पोचत नाही.

आणखी एका प्रथेबद्दल मला फार तळमळीने लिहायचे आहे. भावंडांत पाळ्या लावल्या जातात: चार महिने थोरल्याकडे, चार धाकट्याकडे, चार मुलीकडे. त्याहून वाईट म्हणजे आई एकाकडे आणि वडील दुसऱ्याकडे. पाळीत वरकरणी न्याय दिसतो, पण तो मुलांमधला न्याय असतो. आईच्या वाट्याला दर चार महिन्यांनी नवा डॉक्टर, नवी फाइल, नवा पलंग आणि कपाटाऐवजी बॅग येते. दोघांना वेगळे करणे तर पन्नास वर्षे एकमेकांच्या हालचालींवर चाललेला संसार मोडणे आहे. त्यातल्या एकाची नजर गेलेली असते आणि दुसऱ्याचे कान, आणि दोघे मिळून एक घर चालवत असतात. खर्च वाटून घ्या, सुट्या वाटून घ्या, रुग्णालयातल्या रात्री वाटून घ्या. आई-वडील वाटून घेऊ नका. परदेशातल्यांनी हेही पाहावे की अमेरिकेत पाहुणे म्हणून आलेल्या पालकांना साधारण सहा महिनेच राहता येते, प्रवासी विम्यात जुने आजार बहुधा वगळलेले असतात, आणि ग्रीन कार्ड मिळाले तरी सरकारी मेडिकेअर विकत घेण्यासाठी आधी सलग पाच वर्षांचे वास्तव्य लागते. ऐंशीच्या घरातल्या, मधुमेही आईसाठी ही पाच वर्षे फार मोठी आहेत.

राहिला तिसरा पर्याय, ज्याचे नाव काढले की नागपुरातल्या घरांत शांतता पसरते. "आम्ही आईला आश्रमात टाकणार नाही," असे अभिमानाने सांगितले जाते. तुमच्या भावनेचा मी आदर करतो, पण जिला चोवीस तास हजेरी लागते तिला दहा तास कुलूपबंद फ्लॅटमध्ये ठेवणे ही तिची अधिक काळजी आहे असे मला पटत नाही. जिथे रात्री जागा माणूस आहे, इन्सुलिन देणारी परिचारिका आहे, बोलायला समवयस्क आहेत आणि मुलगा दर पंधरवड्याला येऊन दोन दिवस राहतो, तिथे आई टाकलेली नसते. मात्र या पर्यायात फसगत सोपी आहे, कारण एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक, धडधाकट ज्येष्ठांसाठी बांधलेली घरे, पुण्यातल्या 'अथश्री'सारखी. दोन, वृद्धाश्रम, जिथे पुष्कळदा हिंडत्या-फिरत्या माणसालाच प्रवेश असतो आणि अंथरुणाला खिळल्यावर कुटुंबाला न्यायला बोलावतात. तीन, खऱ्या अर्थाने शुश्रूषा करणारी केंद्रे. आईच्या वहीत रात्रीची हजेरी असेल तर पहिल्या दोहोंचा उपयोग नाही, इमारत कितीही देखणी असो.

कायद्याचा आधार इथे तोकडा आहे, हेही समजून घ्या. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गृहप्रकल्पांना बांधकामाचे निकष घालून दिले: रुंद दारे, उतार, लिफ्ट, न घसरणारी फरशी, न्हाणीघरात आधाराचे दांडे. ते चांगलेच झाले, पण ते निकष इमारतीचे आहेत. रात्री दोनला घंटी वाजवल्यावर कोण येते, हे त्यांत नाही. पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करून अशी केंद्रे आणि घरी सेवा पुरवणाऱ्या संस्था यांची नोंदणी व किमान दर्जा ठरवणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते संमत झाले नाही आणि २०२४ मध्ये ती लोकसभा संपल्याबरोबर बाद झाले. म्हणून तपासणी तुम्हालाच करायची आहे. संध्याकाळी सातनंतर, न कळवता जा. रात्रपाळीला किती रहिवाशांमागे किती माणसे असतात, पडल्यावर कोणत्या रुग्णालयात नेतात आणि सोबत कोण जाते, प्रकृती खालावली तर ठेवून घेतात का, अनामत रक्कम कोणत्या अटीवर आणि किती दिवसांत परत मिळते, हे तोंडी नको, करारात लिहून मागा. आणि आधी महिनाभर राहून पाहण्याची सोय असेल तरच पुढे जा.

माझ्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील. पहिला, माया अशी तासांत मोजतात का? मायेचे माप मी मागत नाही. मी रात्री दोन वाजता लागणाऱ्या आधाराचे माप मागतो, आणि ते घेतले नाही तर मायाळू माणसे एकमेकांना दोष देत बसतात. दुसरा, आई स्वतःच म्हणते की मी इथेच मरेन, मग विचारायचे काय? तिची समज शाबूत असेल तर थोडा धोका पत्करून आपल्या घरी राहण्याचा हक्क तिला आहे, जसा तो तुम्हाला आहे, आणि तुमची काळजी हा तिच्यावर हुकूम चालवण्याचा परवाना नाही. पण तिने "नाही" म्हटले ते नेमके कशाला, हे शांतपणे ऐका. पुष्कळदा नकार पुण्याला नसतो, घर विकण्याला असतो. किंवा मावशीला नसतो, अनोळखी बाईने आंघोळ घालण्याला असतो. त्यावर मार्ग निघतो. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: हे सगळे पैसे असणाऱ्यांचे बोलणे आहे. ते बऱ्याच अंशी खरे आहे. पेन्शन नाही, मुलगा स्वतः कंत्राटी नोकरीवर, अशा घरात मुलांचे घर हाच एक पर्याय उरतो. २००७ च्या त्याच कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांचा आश्रम अपेक्षिला आहे, पण तो निराधारांपुरता. सत्तरीपुढच्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, ते कार्ड आजच काढा. मात्र ते रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. घरच्या मावशीचा पगार त्यातून निघत नाही. अशा घरातही तास मोजणे वाया जात नाही, उलट जास्तच लागते, कारण तिथे कोणाची हजेरी किती वेळ हे न मोजता सगळा भार एका बाईवर पडतो.

आता शेवटच्या दोन विनंत्या, दोन्ही कागदांच्या. आईला नेलेत तरी पहिले वर्षभर नागपूरचे घर विकू नका, बिल्डरला देऊ नका, रिकामेही करू नका. परतीची वाट उघडी आहे हे ठाऊक असलेली आई नव्या जागी लवकर रुळते, आणि नाही रुळली तर तुमच्याही हातात उपाय उरतो. घर मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करायचा तिचा विचार असेल, तर सांभाळ करण्याची अट त्या दस्तात स्पष्ट लिहू द्या. २००७ च्या कायद्यातले कलम २३ अशा अटीच्या जोरावर हस्तांतर रद्द करू देते, आणि अट असणे आवश्यक आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे. अट लिहायला कोणी कचरत असेल तर आईने सही करू नये.

दुसरी विनंती मुखत्यारपत्राची. "पॉवर ऑफ अॅटर्नी करून ठेवली आहे" या भरवशावर अनेक जण असतात. आपल्याकडे करार कायद्याच्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते संपते, म्हणजे नेमके गरज पडते तेव्हाच निरुपयोगी होते. त्यानंतर पालकत्वासाठी उच्च न्यायालयात जाण्याची वेळ येते. म्हणून आईचे डोके स्वच्छ आहे तोवरच बँकेची खाती संयुक्त करा, नामनिर्देशन तपासा, मृत्युपत्र तिच्या इच्छेने होऊ द्या, आणि अंथरुणाला खिळल्यावर आपण कुठे राहावे असे तिला वाटते, हे तिच्याच शब्दांत, तिच्या सहीने आणि तारखेने लिहून घ्या. हा कागद रुग्णालयातून सुटी मिळण्याच्या दिवशी भावंडांच्या फोनवर सर्वांत आधी वाचला जावा. येत्या मे महिन्यात, दिवाळीची वाट न पाहता, सात दिवसांची सुटी काढून या. वही सोबत आणा.

आपला,
एक नागपूरकर